अकरा गल्ल्यांचे पुढारी

"मग या अकरा जणांना फाशी द्यावी की नाही, बाबा?"

दिवाण विसाजीपंतांनी हे विचारलं तेव्हा कमालशा फकीर आपली कफनी टाचत बसले होते. पंत लहानपणी त्यांच्याकडेच फारसी शिकले, म्हणून आले. नाहीतर संस्थानच्या दिवाणाला फकिराचा सल्ला कशाला लागतो!

"गुन्हा काय त्यांचा?"

"विणकरांचे पुढारी आहेत. लढाईपट्टी देत नाहीत. म्हणतात, आधी दरबारात आमचं म्हणणं ऐका."

"लढाई तर संपली ना रे?"

"संपली. पण सावकारांचं कर्ज राहिलंय. पट्टी वसूल होणार, या भरवशावरच त्यांनी ते दिलं. शिवाय फौज आता कायमची आहे. पूर्वी सरदार आपापले स्वार आणत आणि रुसले की घेऊन जात. मी ते मोडलं. फौज सरकारची, पगारही सरकारचा. सरदारांच्या गढ्यासुद्धा पाडल्या."

"पगाराला पैसा?"

"जमिनी मोजल्या, माग मोजले. मोजायला कारकून, कारकुनांवर मामलेदार... बाबा, लढाईआधी कचेरीत चार माणसं होती. आज दोनशे आहेत. हे राज्य मी उभं केलं!"

"लढाईनं केलं. तू वसुली केलीस."

पंतांना ते झोंबलं.

"आणि हे विणकर?" फकिरांनी विचारलं. "हिंदू साळी मुसलमान मोमिनाच्या ओट्यावर चढत नसे. त्यांना एकत्र कुणी बसवलं?"



"मीच," पंत म्हणाले. "घरोघर कोण हिंडणार! विणकरांच्या सगळ्या पेठेवर एक ठोक रक्कम बसवली. आपसात वाटून घ्या म्हटलं. गल्लीगल्लीला एकेक पुढारी नेमला."

"किती गल्ल्या?"

"अकरा."

फकीर हसले नाहीत. पंतांनाच लाज वाटली.

"महाराजांचा हुकूम झालाय," ते घाईनं म्हणाले. "शुक्रवारी फाशी. माझी सही तेवढी राहिलीय. सही केली की पेठ दबेल."

"मग पट्टी कोण आणील?"

"शिपाई आणतील."

"त्यांचा पगार?"

"पेठेतूनच..." पंत अडखळले.

कमालशा सतरंजीवरून उठले आणि बाजूला जमिनीवर जाऊन बसले.

"ती सतरंजी ओढून इकडे आण."

पंतांनी बसल्याबसल्या टोक धरलं, जोर लावला. हलेना. दिवाणसाहेब स्वतःच तिच्यावर ठाण मांडून बसले होते.

"उठावं लागेल, बाबा."

"मग ऊठ. पेठेत जा, आणि पुढची लढाई करायची की नाही ते पट्टी देणाऱ्यांनाच विचार."