येसूचं उशिराचं पत्र

डोंगराच्या अगदी खांद्यावर, ढगांच्या शेजारी, एक इवलीशी वाडी होती. तिचं नाव कारवीवाडी. वाडीच्या टोकाला एक गळकं घर होतं आणि त्या घरात येसू नावाची मुलगी तिच्या आबांबरोबर राहायची. आबा कडेकपारीतून मध गोळा करायचे. मध बाजारात जायचा आणि घरात नाचणीची भाकरी यायची. येसूला आई नव्हती. फ्रॉकला तीन ठिगळं होती. पण तिचे डोळे टपोरे होते आणि मन मऊ होतं.

त्या श्रावणात येसूच्या शाळेनं एक गंमत केली. डोंगरावरच्या मुलांनी समुद्राकाठच्या मुलांच्या घरी दहा दिवस राहायचं, त्यांच्याच शाळेत बसायचं. मग भाद्रपदात तिकडच्या मुलांनी डोंगरावर यायचं. येसूच्या वाट्याला शिंपलेबंदर गावातलं तांडेलांचं घर आलं. घरात जयवंतीकाकू होत्या, दामूकाका होते, होड्यांवर नावं रंगवणारे रघूआजोबा होते आणि येसूएवढीच कुंदा होती.

ते दहा दिवस कसे गेले, येसूला कळलंच नाही. निघताना काकूंनी तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. रघूआजोबा म्हणाले, "पोचलीस की पत्र लिव गो बाय. मोठ्या मोठ्या अक्षरांत. माझे डोळे आता धुकं पितात."

"लिहीन," येसू म्हणाली.

शाळेतल्या बाईंनी परत आलेल्या प्रत्येक मुलाला तिकीट लावलेलं एकेक पाकीट दिलं. म्हणाल्या, "आठ दिवसांच्या आत यजमानांना आभाराचं पत्र गेलं पाहिजे. छोटंसं चालेल, पण स्वतःच्या हातचं हवं. घरातल्या सगळ्यांची नावं घाला. पाकिटावर पूर्ण पत्ता आणि पिनकोड."

येसू पाकीट घेऊन घरी आली आणि तिनं आबांना विचारलं, "आबा, आभार कसे लिहायचे?"

आबा पोळ्यातलं मेण काढत होते. ते हसले. "आभार परक्याचे मानायचे, पोरी. आपल्या वाडीत कुणी कुणाला आभार म्हटलेलं ऐकलंस का कधी? आपल्या माणसाला आभार म्हणणं म्हणजे घरातून उठवून अंगणात बसवणं."

येसूला ते पटलं. काकू तर आपल्याच! त्यांना कशाला अंगणात बसवायचं? तिनं पाकीट फळीवरच्या डब्याखाली जपून ठेवलं. एक आठवडा गेला. दुसरा गेला. कधी कधी पाकिटाचा कोपरा दिसायचा आणि मनात काहीतरी टोचायचं. उद्या बघू, असं म्हणून ती पाणी भरायला जायची. असे चार आठवडे गेले.

आणि त्या वर्षी डोंगरावर जादू झाली. सात वर्षांनी कारवी फुलली! सगळा उतार निळा, जांभळा, पुन्हा निळा. जणू आभाळच पाय घसरून खाली पडलं होतं. येसू रोज दिवस मोजायची. सोमवारी कुंदा येणार होती. तिला हे सगळं दाखवायचं होतं. एकदा सुकली की कारवी पुन्हा सात वर्षं फुलत नाही.

पण गुरुवारी बाईंनी येसूला जवळ बोलावलं. त्यांच्या हातात शिंपलेबंदरहून आलेलं पत्र होतं. बाईंनी हळू आवाजात वाचलं : "येसूचा एक शब्दसुद्धा आला नाही. आमचं घर लहान, त्यात मासळीचा वास. पोरीला आवडलं नसेल. मग आमची कुंदा तिच्या घरी कशाला ओझं व्हायला पाठवू? आम्ही कुंदाला पाठवत नाही. – जयवंती तांडेल."

"येसू, तू पत्र टाकलं नाहीस?" बाईंनी विचारलं.

येसूनं मान हलवली. नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पत्राची घडी घालून ते येसूच्या हातात ठेवलं. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

येसू धावत कारवीच्या रानात गेली आणि ढसाढसा रडली. रडता रडता तिला पायवाटेवर एक चिमुकली मधमाशी दिसली. पंख दवानं चिकटले होते आणि ती चिखलात उलटी पडून पाय हलवत होती. येसूनं डोळे पुसले. माशीला पानावर उचललं, हळूच फुंकर घातली आणि एका फुलाच्या पेल्यात अलगद ठेवलं.

तसं ते फूल लखलखलं! आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पंख जांभळे, पायांत परागांची पिवळी पैंजणं, केसांत दवाचे हिरे.

"माझी माशी वाचवलीस," परी म्हणाली. "या तीन पाकळ्या घे. तीन इच्छा. पण आधी नियम..."

"मला महिनाभर मागे ने!" येसू घाईनं म्हणाली. "पत्र लिहायच्या दिवसापर्यंत!"

एक पाकळी गळून पडली आणि तिची माती झाली.

"अगं सोन्या, नियम तर ऐकायचा," परी हळहळली. "गेलेला दिवस मला आणता येत नाही. कुणाचं मन बदलता येत नाही. आणि चुकीचं मागितलं तरी पाकळी जातेच."

येसू ओठ चावत उभी राहिली. मग चाचरत म्हणाली, "मला छान लिहिता येत नाही. तूच एक सुंदर पत्र लिहून दे."

दुसरी पाकळी चमकली. हवेतून सोनेरी कागद तरंगत आला. त्यावर चांदीची अक्षरं होती. येसू वाचू लागली. "आदरणीय महोदय, आपल्या अतुलनीय आदरातिथ्याने मी भारावून गेले आहे. आपले ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य आहे."

तिनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "यात कुंदा कुठे आहे?"

"मी कुंदाला कुठे ओळखते?" परी म्हणाली. "मी त्या घरी राहिले नाही. हे पत्र कोणत्याही घरी चालेल."

"मग ते त्यांच्या घरी नाही चालणार," येसू म्हणाली आणि तिनं तो झगझगीत कागद परत दिला.

ती घरी गेली. डब्याखालचं पाकीट काढलं, वहीचं एक पान फाडलं आणि रानात परत येऊन दगडावर बसली. मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहू लागली. आबा शोधत आले आणि लांबूनच थांबले. लिहून झाल्यावर येसूनं पत्र आबांना वाचून दाखवलं :

"प्रिय जयवंतीकाकू, दामूकाका, रघूआजोबा आणि कुंदा,

मी सुखरूप पोचले. हे मी महिन्यापूर्वीच कळवायला हवं होतं. चूक माझी आहे. तुमचं घर मला आवडलं नाही, असं मुळीच नाही.

काकू, मला माशाचे काटे काढता येत नव्हते, तेव्हा तुम्ही स्वतःचं जेवण थांबवून माझे काटे काढलेत. आता मला काढता येतात. काका, होडीत मला ओकारी झाली तरी तुम्ही हसला नाहीत. आजोबा, तुम्ही फळीवर रंगवलेलं माझं नाव आमच्या दारावर लावलं आहे. त्या दारावर आधी कुणाचंच नाव नव्हतं. कुंदा, तू खिडकीजवळची तुझी जागा मला दिलीस आणि स्वतः उकाड्यात झोपलीस.

या सगळ्याबद्दल मी तुम्हा चौघांची आभारी आहे. कुंदा, तू ये. आमचं घर गळतं, पण कोरडा कोपरा तुझा.

तुमची,
येसू"

आबा जवळ आले. मग म्हणाले, "पोरी, यात कुणी परकं झालेलं दिसत नाही. तुला मी चुकीचं सांगितलं." त्यांनी पाकिटावरचा पिनकोड बोटानं एकेक आकडा मोजून तपासला. बरोबर सहा भरले.

आबा घराकडे वळले, तशी परीनं तिसरी पाकळी पुढे केली. "बोल. मी हे पत्र या क्षणी पोचवू शकते. टपालानं जायला पाच दिवस लागतात. तोवर सोमवार निघून गेलेला असेल."

येसूचा हात पाकळीकडे गेला. निळ्या उतारावरून धावणारी कुंदा तिला डोळ्यांसमोर दिसली. मग दिसले रघूआजोबा, धुकं पिणाऱ्या डोळ्यांनी रोज पोस्टमनची वाट बघत बसलेले. पत्र आलं तरी ते दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावावं लागणार होतं.

"आजोबांना हे पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येऊ दे," येसू म्हणाली.

"एकदाच वाचता येईल. आणि कुंदा सोमवारी येणार नाही. चालेल?"

"नाही चालणार," येसू रडत म्हणाली. "पण त्यांना वाचू दे."

पाकळी पाकिटाला चिकटली आणि विरघळली. येसूनं तीन मैल चालत जाऊन पत्र पेटीत टाकलं.

सोमवारी समुद्राकडून मुलं आली. वाडी गजबजली. घराघरांतून हसू ऐकू आलं. येसूच्या घरातला कोरडा कोपरा तेवढा रिकामा राहिला. कुंदा नव्हतीच. उतारावरचा निळा रंग एकेक दिवस पुसट होत गेला आणि येसू एकटीच तो बघत राहिली.

पंधरा दिवसांनी कुंदाचं उत्तर आलं.

"येसू, तुझं पत्र आजोबांनी स्वतः वाचलं! आईला वाटलं, अंदाजानं बोलतायत. पण एकही शब्द चुकला नाही. दुसऱ्यांदा वाचायला गेले तर पुन्हा धुकं. म्हणाले, मग काय झालं, पाठ झालंय. आता किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्यांना रोज ऐकवतात. काटे काढायची ओळ आली की आई आत जाते. मी मार्गशीर्षात येते. आई हो म्हणाली. तू आधी लिहिलं असतंस तर मी आलेच असते गं. मी पिशवी भरून ठेवली होती."

पिशवीची ओळ येसूनं चार वेळा वाचली. मग ती रानात गेली. उतार तपकिरी झाला होता. वाळलेल्या काड्यांमध्ये परी बसली होती, जाण्याच्या तयारीत.

"मार्गशीर्षात इथे एकही फूल नसेल," येसू म्हणाली.

"नसेल. सगळा डोंगर निळा झालेला कुंदाला दिसायचा राहिला. तो मी आणू शकत नाही." परी काड्यांतून उठली. "पण तू शेवटची पाकळी स्वतःसाठी ठेवली नाहीस. जाताना परीला स्वतःची एक इच्छा मागता येते. माझी इच्छा अशी, की कारवीची ही एक जाळी कुंदा येईपर्यंत फुललेली राहो."

तिनं एका वाळक्या जाळीला हात लावला. टप्प टप्प करत निळी फुलं उमलली. फक्त एकाच जाळीवर. भोवती सगळं तपकिरी.

परीच्या पंखांतून उजेड वाहू लागला. येसूनं या वेळी उद्यावर टाकलं नाही. ती धडपडत पुढे आली. "परी, तू सोनेरी कागद परत घेतलास आणि रागावली नाहीस, त्याबद्दल... आणि आजोबांचे..."

उजेड एवढा झाला की तिला डोळे मिटावे लागले. डोळे मिटूनच तिनं बाकीचं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. किती ऐकून गेली, ते येसूला कधीच कळलं नाही.