फराळथाळीचे गाणे

एकदा एका हलवायाचे दुकान हरवले. म्हणजे कढई, झारे, काचेची कपाटे सगळे शाबूत होते हो. पण बाजारपेठेचा रस्ता रुंद झाला आणि भानुशेटांना आपले बस्तान मागच्या विहीरआळीत हलवावे लागले. गिऱ्हाइके जुन्या जागी येत, तिथे उघडी गटारे पाहत आणि परत जात. दिवाळी तोंडावर आलेली, आणि शेटांच्या परातीत अनारसे तसेच पडून.

गावात रंगनाथबुवा नावाचे वृद्ध कीर्तनकार होते. त्यांच्याकडे दिगंबर हा तरुण काव्य आणि कीर्तन शिकत असे. परगावचा, एकटा मुलगा. भानुशेटांनी त्याला कधी उपाशी झोपू दिले नव्हते. ‘अरे, विद्या रिकाम्या पोटी चढत नाही,’ म्हणत ते पुरीभाजीचा द्रोण त्याच्यापुढे सरकवीत. त्या माणसाचे दुकान बसते आहे, हे दिगंबराला पाहवेना. त्याने ठरवले, शेटांसाठी असे गाणे करायचे की गावाने ते गुणगुणत दुकानात यावे.

त्याने रचले:

मांगल्याच्या शुभपर्वाला
स्निग्ध सुवासिक मिष्टान्नांची
भानुशेटच्या पाकगृही या
उधळण होई पक्वान्नांची

मात्रा चोख, यमक चोख. स्वारी खुशीत! बुवांनी ऐकले, बरे म्हटले नाही, वाईटही म्हटले नाही. ‘चल,’ म्हणाले आणि त्याला थेट भाजीबाजारात घेऊन गेले. तिथे चिपळ्या वाजवीत त्यांनी ते गाणे खड्या आवाजात दोनदा म्हटले. लोक जमले. तिसऱ्या खेपेला मात्र बुवा ‘उधळण होई’ इथवर आले आणि चक्क थांबले. हात कानाशी नेऊन गर्दीकडे पाहत राहिले.

सगळे चिडीचूप. एक मेथीवाली तेवढी म्हणाली, ‘बुवा, इसरला जनू!’ आणि हशा पिकला.

दिगंबर शरमेने लाल झाला. ‘बुवा, माझे हसे करायला आणलेत का मला?’

‘उद्या सकाळी शेटांच्या दुकानात बस,’ बुवा शांतपणे म्हणाले. ‘लिहू नकोस. नुसता ऐक.’

तो बसला, जरा फुरंगटूनच. कधीतरी एखादे गिऱ्हाईक धापा टाकत येई. ‘शेट, विहीरआळीत आहात होय! आधी सांगायचं नाही का?’ एका आजींनी अनारसा उजेडाला धरला, खसखस लागलेली बाजू न्याहाळली आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, जाळी काय सुरेख पडलीय!’ कुणी म्हणाले, ‘आमची फराळाची थाळी तुमच्याशिवाय पुरी होत नाही बघा.’ पाकगृह, मिष्टान्न, पर्व यांतला एक शब्द कुणाच्या तोंडी येईल तर शपथ! दिगंबर ऐकत गेला आणि त्याचा रुसवा आपोआप ओसरला. घरी जाताना पावलांच्या ठेक्यावरच ओळी जुळल्या:

आली आली गोड दिवाळी
चला मंडळी विहीरआळी
अनारशाला सुरेख जाळी
भानुशेटची फराळथाळी!

बुवा पुन्हा बाजारात उभे राहिले. पुन्हा दोनदा गायले आणि तिसऱ्यांदा ‘चला मंडळी’ म्हणून थांबले.

‘विहीरआळी!’ सारा बाजार एका सुरात ओरडला. मेथीवालीचा आवाज सर्वांत मोठा.

दिगंबराचे डोळे भरून आले. वाकून त्याने बुवांचे पाय धरले. ‘बुवा, हे आधीच का नाही सांगितलंत?’

‘सांगितले असते तर तू मान डोलावली असतीस, बस्स,’ बुवा हसले. ‘बाळ, तुझ्या पहिल्या गाण्यातही मात्रा होत्या, पण जीभ जोडाक्षरांत अडखळत होती, आणि दुकान कुठे आहे हे त्यात नव्हतेच. आता आठ मात्रांवर टाळी पडते, पुन्हा आठांवर यमक येते. आधीची ओळ पुढच्या ओळीला हात देते. म्हणून तर शेवटचा शब्द लोकांच्या ओठी आपसूक येतो. तो त्यांना म्हणू द्यावा. माणूस जे स्वतः पुरे करतो, ते विसरत नाही.’

दिवाळीच्या आदल्या दिवशी विहीरआळीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेटांच्या परातीत औषधालाही अनारसा उरला नव्हता, नवे तळून होईपर्यंत लोक थांबले होते. दिगंबर रांगेत उभा होता. पुढच्या बाईने मागे वळून विचारले, ‘नवीन दिसता गावात? आमच्या आळीचं गाणं ठाऊक नाही वाटतं? म्हणा माझ्याबरोबर.’ आणि तिने हौसेने एकेक ओळ त्याला शिकवली. कढईमागून भानुशेट सांगायला तोंड उघडणार, तोच दिगंबराने मानेनेच नको म्हटले आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखा तिच्यामागोमाग ओळ म्हणत राहिला. इतका मोठा मान आपल्याला कधी मिळाला नव्हता, असे त्याला वाटले.

ज्यांच्याकडून शब्द घेतले, त्यांच्याच तोंडी ते परत पोचले, की कवीने कृतज्ञतेने गप्प राहावे.