आबांचा वस्तरा

आबा देसाईंसमोर गावात कुणी तोंड उघडत नसे. नातवाच्या जावळाच्या दिवशी त्यांनी पणजोबांचा चांदीच्या मुठीचा वस्तरा बाहेर काढला.

"आमच्या घरातलं प्रत्येक जावळ यानंच निघालंय."

पात्यावर गंज होता. बाळ पोटभर पिऊन मामाच्या मांडीवर बसलेलं, केस कोमट पाण्यानं भिजवलेले. टाळू अजून भरलेली नव्हती. न्हाव्यानं स्वतःच्या उकळलेल्या वस्तऱ्यात कोरं पातं घातलं होतं, पण आबांना सांगणार कोण?

केस खाली पडू नयेत म्हणून पदर पसरून बसलेली आत्या कुमुद, आबांचीच लेक, म्हणाली, "आबा, जावळ काढायचं कशाला?"

"जन्माचं जुनं जावं, नवं दाट यावं म्हणून."

"आणि जुनं जातं कुठे?"

"आत्याच्या पदरात, तिथून नदीत. एवढंही ठाऊक नाही?"

कुमुदनं पदर पुढे केला. "मग टाका. इथलं सगळ्यात जुनं तुमच्याच हातात आहे."

मामा आधी हसला, मग सगळेच. वस्तरा निमूट पेटीत गेला. कोऱ्या पात्यानं जावळ निघालं, डोक्याला चंदन लागलं. कुमुद पदर सावरत नदीकडे निघाली आणि जाता जाता सहज आबांकडे वळली.

आबांनी झटकन आपल्या पांढऱ्या मिशा दोन्ही हातांनी झाकल्या.