शेवटची सोळा पानं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा निरोप टपालाने जायचे आणि माणसं उत्तराची वाट बघत बसायची. घाटमाथ्यावरच्या एका गावात मंदाकिनी आपल्या वडिलांबरोबर राहत होती. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आणि येत्या पौर्णिमेला त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती.

तरुणपणी वडिलांनी एक कादंबरी वाचली होती, 'निळ्या खाडीचा तांडेल'. वाचली म्हणायचं इतकंच, कारण त्यांच्या हाती आलेल्या प्रतीची शेवटची सोळा पानं गळालेली होती. तांडेल भर वादळात बुडणाऱ्यांना वाचवायला होडी घेऊन गेला, त्याची बायको धक्क्यावर उभी राहिली, आणि तिथंच पुस्तक संपलं. दुसरी प्रत शोधेपर्यंत ते छापायचंच बंद झालं. पन्नास वर्षं झाली, तरी एखादं घड्याळ उघडता उघडता ते मध्येच विचारायचे, "आला असेल का गं तो परत?"

यंदा वाढदिवसाला त्यांना तेच पुस्तक द्यायचं, असं मंदाकिनीच्या मनात आलं आणि तिला दम निघेना. शहरात अनंतशेठ नावाचे जुन्या पुस्तकांचे जाणकार दुकानदार होते. तिने त्यांना पत्र लिहिलं. कादंबरीचं नाव, लेखक, प्रकाशक, छापल्याचं अंदाजे साल, पुस्तक कधीपर्यंत हवं, सगळं नीट कळवलं. शेवटी लिहिलं, 'वडिलांना भेट द्यायची आहे, तरी प्रत देखणी असावी.' गळालेल्या पानांबद्दल मात्र तिने लिहिलं नाही. परक्या माणसाला घरातलं कशाला सांगायचं, असं तिला वाटलं.

अनंतशेठांचं उत्तर आलं. 'प्रकाशकाच्या गोदामात एकही प्रत नाही. चार पुस्तकवाल्यांना लिहिलं आहे. वाचनालयं जीर्ण पुस्तकं काढून टाकतात, तिथंही विचारतो.' त्यानंतर मंदाकिनी रोज टपालवाल्याच्या वाटेवर जाऊन उभी राहू लागली.

पौर्णिमेला सहा दिवस उरले असताना दुसरं पत्र आलं. तिने ते रस्त्यातच फोडलं. 'प्रत मिळाली. दुसरी आवृत्ती, लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. पहिल्या पानावर जुन्या मालकाची सही आहे. शेवटची सोळा पानं नाहीत, पण नव्या बांधणीत ते कळून येत नाही. तुमचा होकार आला की पाठवतो.'

मंदाकिनीने पत्र घडी करून पदरात खोचलं. मग मिळेल त्या गाडीने शहर गाठलं.

दुकानात तिने सगळी हकिगत सांगितली. अनंतशेठांनी चष्मा काढून हातात धरला.

"बाई, हे पहिल्याच पत्रात का नाही लिहिलंत?"

"मला वाटलं, पुस्तकाचं नाव पुरे."

"पुस्तकाची सोळा सोळा पानं एकत्र शिवतात. शिवण सैल झाली की पहिल्यांदा शेवटचा गठ्ठा सुटतो. म्हणून जुन्या प्रतींत शेवटच नसतो. एका वाचनालयात पूर्ण प्रत होती. पण पुठ्ठा गेलेला, कोपरे उंदरांनी कुरतडलेले, पानोपानी शिक्के. तुम्ही देखणी मागितलीत, म्हणून मीच ती नको म्हणालो."

"कधी?"

"परवा. आज त्यांची रद्दी जाणार होती."

दोघं तसेच निघाले. अनंतशेठांचं वय झालं होतं, तरी त्या दिवशी मंदाकिनीला त्यांच्यामागे पळावं लागलं. वाचनालयाच्या दारात रद्दीवाल्याची हातगाडी भरत आली होती. त्यांनी विनवून गठ्ठे उतरवले, एकेक सुतळी सोडली. तिसऱ्या गठ्ठ्यात ते सापडलं. मंदाकिनीने हात पुढे केला, पण अनंतशेठांनी आधी सगळी पानं आकड्यांवरून तपासली. तीनशे बाराव्या पानावर 'समाप्त' होतं.

"आता घ्या," ते म्हणाले. "शेवट वाचू नका. तो मान वडिलांचा."

त्यांनी रातोरात शिवण घट्ट करून साधा पुठ्ठा चढवला.

पौर्णिमेच्या सकाळी वडिलांनी ते कोपरे कुरतडलेलं पुस्तक हातात घेतलं, सरळ शेवट काढला, आणि दुकान उघडायचं विसरून वाचत बसले. मंदाकिनी चुलीपाशी कान देऊन होती. बऱ्याच वेळाने आतून हाक आली.

"मंदे, परत नाही आला गं तो. पण त्याने वाचवलेली माणसं आली. सगळी धक्क्यावर तिच्याभोवती उभी राहिली. आणि ती एकटी पडली असेल म्हणून मी उगीच इतकी वर्षं भीत होतो. बस इथं, पहिल्या पानापासून वाचून दाखवतो."

त्या दिवशी गावातलं एकही घड्याळ दुरुस्त झालं नाही.

तात्पर्य: मदत मागताना काय हवं एवढंच सांगू नये, ते कशासाठी हवं तेही मोकळेपणाने सांगावं.