पाळण्यातले पाहुणे

पूर्वी शुक्तीनगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोमदत्त नावाचे कापडाचे व्यापारी होऊन जन्मले होते. एका तीन मजली घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड होते. पावसाळाभर ते पत्नी शालवतीच्या माहेरी राहिले. तिथेच तिला मुलगा झाला. पहिले मूल साथीत गेले होते, त्यामुळे हे बाळ तिचा जीव की प्राण होऊन बसले होते.

चार महिन्यांनी कुलूप काढले, तर भिंतीवर तांबड्या मुंग्यांच्या दोन रांगा. एक देवाच्या देवळीकडे, एक थेट पहिल्या मुलाच्या पाळण्यात. निघताना देव उपाशी राहू नये म्हणून सोमदत्तांनी देवापुढे गुळाचा खडा वाटीत झाकून ठेवला होता. देव जेवले नाहीत, मुंग्यांनी मात्र पंगत मांडली होती.

शालवतीचा भाऊ भद्रक सामान घेऊन आला होता. त्याने झाडूने दहा-वीस चिरडल्या. चिरडलेल्यांच्या वासाने उरलेल्या खवळल्या, शेकडोंनी धावून आल्या आणि त्याच्या पायांना कडकडून चावल्या. मग त्याने पाणी उकळायला ठेवले.

"बाळाला कुठे निजवू?" शालवती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पाळणा मोकळा हवा. नाहीतर ओता ते पाणी."

सोमदत्त रांगेशी वाकून बसले. देवळीकडे जाणाऱ्या रिकाम्या होत्या, परतणाऱ्यांच्या तोंडात गूळ होता. पाळण्यातल्या गादीची शिवण त्यांनी उसवली. आत कापसात मोठ्या अंगाची राणी होती आणि भोवती पांढरे दाणे तोंडात धरून मुंग्या सैरावैरा पळत होत्या. पावसाने जमीन भिजली, वारूळ बुडाले, आणि बंद घरात कोरडी जागा व खाणे दोन्ही मिळाले, हे त्यांच्या लक्षात आले.

"शालवती, हे दाणे नव्हेत," ते म्हणाले. "त्यांची बाळे आहेत. त्यांनीही पाळणाच निवडला."

तिने वाकून पाहिले. मग तिने स्वतःच चुलीवरचे भांडे उतरवले.

सोमदत्तांनी गूळ आणि गादी अंगणात नेली. गूळ करंजाच्या बुंध्याशी ठेवला आणि गादी शेजारी उन्हात उलगडली. उन्हात पिले सुकतात, म्हणून मुंग्या ती घेऊन मुळांच्या भेगेत शिरू लागल्या. राणीही गेली. वर सोमदत्तांनी आंबट कांजीने भिंत धुतली. वाटेचा वास पुसला तशा मागे राहिलेल्या मुंग्या भांबावल्या. त्यांनाही सुपात गोळा करून करंजाखाली सोडले. शेवटी भिंतीतली, मुंग्या आत येत होत्या ती भेग ओल्या चुन्याने बुजवली. पुढे चार दिवस एखाददुसरी चुकार मुंगी दिसे. तिलाही उचलून खाली नेत.

पाळणा मोकळा झाला त्याच संध्याकाळी रिकाम्या पाळण्यात नवी चादर पडली आणि बाळ झोपले. शालवतीला रडू आले, आणि ते सुखाचे होते.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा भद्रक म्हणजे काल विहारातल्या मुंग्यांवर उकळते पाणी घेऊन निघालेला हा भिक्षू. शालवती म्हणजे त्याचा हात धरणारी ही उपासिका. सोमदत्त मीच होतो. आपल्या बाळासाठी भीती वाटत असतानाही दुसऱ्याचे बाळ ओळखणे, हीच करुणा."