पुठ्ठ्याआडची डायरी

बारावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीची ही गोष्ट. शलाका तिचे नाव. वर्गात कथास्पर्धा जाहीर झाली होती. शब्द तीनशे, कागदावर नावाऐवजी फक्त हजेरी क्रमांक, मुदत शनिवारी पाचपर्यंत. शलाकाला तिच्या आयुष्यातले पहिले बक्षीस हवे होते आणि शनिवार उजाडला तरी तिच्या डोक्यात एक ओळ नव्हती.

त्या सकाळी तिने जुन्या बाजारातून घेतलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाला नवे कव्हर घालायला घेतले. आधीचा खाकी कागद सोलताच पुठ्ठ्याला चिकटलेली, खिशात मावेल अशी पातळ डायरी हाती आली. आयती कथा सापडली म्हणून शलाकाला आनंद आवरेना. कुणा मुलीने एक जानेवारीपासून रोज दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. एकोणीस तारखेला लिहिले होते, 'सराव परीक्षेत पुन्हा नापास. आता माझ्याच्याने होत नाही. सगळे संपले.' पुढची पाने कोरी होती.

शलाका बाईसाहेबांनी दुपारपर्यंत कथा हातावेगळी केली. शेवटी ती मुलगी नदीत उडी घेते, असे लिहिताना तिचे डोळे भरून आले आणि बक्षीस आपलेच, अशी खात्रीही झाली.

चार वाजता ती कथा दाखवायला, डायरी आणि ते पुस्तक घेऊन, धावतच ग्रंथालयातल्या वृद्ध सरांकडे गेली आणि डायरी कशी सापडली ते तिने सांगितले. त्यांनी कथा वाचली. डायरी मात्र न उघडताच बाजूला ठेवली आणि तिच्याकडे पुस्तक मागितले. शलाका गोंधळली. कथा डायरीची होती, पुस्तकाचे काय काम? सर शांतपणे पहिल्या पानापासून एकेक पान उलटत राहिले.

मग त्यांनी एका प्रकरणाच्या कडेला बोट ठेवले. तिथे पेन्सिलीने लिहिले होते, 'दोन फेब्रुवारी, पहिली उजळणी.' खाली लिहिलेले वर्ष डायरीचेच होते, अक्षरही तेच. शलाकाने पुस्तक जवळजवळ हिसकावूनच घेतले आणि भराभर पाने उलटली. नऊ फेब्रुवारी, सतरा, चोवीस. प्रत्येक प्रकरणाशी एक तारीख होती. शेवटच्या पानावर तर चक्क पत्रच होते, 'पुढे हे पुस्तक घेणाऱ्या तुला : सहावे प्रकरण दोनदा वाच, मग जमते. मला जमले.'

"सर, ही मुलगी अभ्यास करत होती!"

"दुःख लिहायला माणसाला वेळ लागतो, बाळ," सर म्हणाले. "तिला पुढे तो वेळच उरला नाही. कुणी बोलायचे थांबले की त्याचे संपले, असे आपण फार घाईने ठरवतो. तू तर कोऱ्या पानांच्या भरवशावर एका जिवंत मुलीला नदीत लोटलेस."

शलाका शरमली. पण तिचा हात आता थांबायला तयार नव्हता. तिथल्याच बाकावर बसून तिने सारी कथा नव्याने लिहिली. डायरीतले मुलीचे नाव आणि तिच्या घरातल्या गोष्टी वगळल्या.

पाचला दोन मिनिटे कमी असताना तिने कागद स्पर्धेच्या पेटीत टाकला. बक्षिसाचा विचार तिच्या मनातही आला नाही. तिच्या कथेतली मुलगी वाचली होती.