डाळिंबी इरकल आणि काळा कुर्ता

कॉलेजच्या स्नेहमेळाव्यासाठी सुलक्षणाने बाजार गाठला नाही, कपाट उघडलं. निरोपसमारंभात नेसलेली डाळिंबी इरकल अजून छान होती, पण तिचा ब्लाउज आता अंगात शिरेना. साडीच्या काठात काळी रेघ होती. तोच रंग धरून तिने जुना काळा, बंद गळ्याचा रेशमी कुर्ता काढला. साडीत खोचल्यावर तो फुगायला लागला, म्हणून कमरेपाशी कापून कड दुमडून शिवली. पदराच्या बारीक निऱ्या खांद्यावर टाचल्या, वरून कमरेला एका जुन्या ड्रेसचा पट्टा बांधला. आरशात बघून ती स्वतःवरच खूश झाली.

हॉलच्या दारातच तिची वर्गमैत्रीण, बड्या बुटीकची मालकीण शर्मिष्ठा भेटली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगं, ही तर निरोपसमारंभातलीच साडी! इतक्या वर्षांत नवीन काही मिळालंच नाही का तुला?”

सुलक्षणा हसून म्हणाली, “मिळालं की! पण जुनं टाकून द्यायची सवय असती, तर आज तुला भेटायला कशाला आले असते?”

हॉल हशाने दणाणला. शर्मिष्ठा आधी ओशाळली, मग तिलाही हसू आवरेना. जेवताना मात्र तिने हळूच विचारलं, “हा ब्लाउज कुणी डिझाइन केलाय गं?”